‘बूट स्टेज’ला मराठीत काय म्हणायचं? अनोळखी संज्ञा तपासून घेण्याची पद्धत

रब्बी ज्वारीच्या लागवडीवरची एक इंग्रजी पुस्तिका तुमच्याकडे भाषांतराला आली आहे असं धरा. भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत. पाण्याच्या प्रकरणात मात्र एक ओळ अशी आहे: पाणी एकदाच देता येणार असेल, तर ते ‘बूट स्टेज’ला द्या. बाकी सगळं कळतं, फक्त हा बूट कळत नाही.

ही ओळ माझ्याकडे आली तेव्हा मी ‘गर्भावस्था’ लिहून मोकळी झाले होते. हिंदीत भाताच्या बाबतीत ‘गभोट अवस्था’ वाचलेलं डोक्यात होतं, त्यावरून मराठीत गर्भावस्था असणार असं वाटलं. शब्द भारदस्त होता, शोधून पाहिला तर ज्वारीच्या लेखांत सापडतही होता. मसुदा तपासणाऱ्या बाई कृषी पदवीधर होत्या. त्यांनी त्या शब्दाभोवती गोल केला आणि समासात दोनच आकडे लिहून पान परत पाठवलं: 28 आणि 50. त्या आकड्यांचा अर्थ पुढे येईलच. ती चूक छापली गेली असती, तर पुस्तिका वाचून शेतकऱ्याने आपलं एकुलतं एक पाणी तीन आठवडे आधी दिलं असतं.

तेव्हापासून अशी कुठलीही संज्ञा मी ज्या क्रमाने तपासते, तो क्रम याच एका शब्दावर करून दाखवते. भाषांतराच्या कामाला नुकतीच सुरुवात केलेल्यांनी एकदा हातात संगणक घेऊन तो माझ्यासोबत करून पाहावा. एका संज्ञेला अर्धा-पाऊण तास लागतो. सगळ्याच शब्दांना एवढा वेळ देता येत नाही, द्यायची गरजही नसते. ज्या शब्दावरून वाचणारा काहीतरी कृती करणार आहे, त्याला तो द्यायचा.

आधी मराठी शब्द शोधायचा नाही

नवीन माणूस पहिल्यांदा इंग्रजी-मराठी कोश उघडतो. तिथेच गाडी रुळावरून घसरते, कारण एकदा एक मराठी शब्द दिसला की पुढचा सगळा शोध त्याच शब्दाला पुरावा गोळा करण्यात जातो. माझं तसंच झालं होतं.

आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवा, पीक कोणतं ते लिहा आणि त्या संज्ञेच्या मागे-पुढे मजकुरात काय आहे ते लिहा. आपल्या पुस्तिकेत ‘बूट’च्या आधी शेवटचं पान दिसू लागल्याचा उल्लेख होता आणि नंतर फुलोऱ्याचा. म्हणजे हा जो काही बूट आहे, तो या दोघांच्या मधे बसतो. एवढी माहिती कोणताही कोश न उघडता मिळाली. पुढे शब्द निवडताना सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

मूळ भाषेचा एकभाषी कोश

आता इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. बूट म्हणजे पायातला जोडा, गाडीची डिकी, संगणक सुरू होणं, हे अर्थ वरच येतील. आपल्याला हवा तो अर्थ मोठ्या कोशांत बराच खाली असतो: फुलोऱ्याला वेढणारं आवरण. छोट्या कोशात तो मिळणारच नाही. नाही मिळाला म्हणून मूळ लेखकाने चूक केली असं समजू नका. एवढंच समजा की हा शब्द सगळ्यांचा नाही, एका धंद्याचा आहे, आणि त्याची व्याख्या त्या धंद्याच्याच कागदांत शोधायला हवी.

पिकांच्या बाबतीत तो कागद म्हणजे वाढीच्या अवस्थांची मोजपट्टी. गहू-बार्लीसारख्या तृणधान्यांसाठी झाडोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलेली पट्टी जगभर वापरतात. ज्वारीसाठी त्याआधी दोन वर्षं, 1972 मध्ये, व्हँडरलिप आणि रीव्हज यांनी शून्य ते नऊ अशा दहा अवस्था ठरवल्या. त्यातली तिसरी अवस्था म्हणजे वाढीचा कोंब पानं काढायचं थांबवून आत कणसाची जडणघडण सुरू करतो ती वेळ. चौथीत शेवटचं पान पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, दिसू लागतं, पाचवी बूट आणि सहावी अर्धा फुलोरा. उगवणीनंतर साधारण तीस दिवसांनी तिसरी अवस्था येते, पन्नास दिवसांनी पाचवी आणि साठ दिवसांनी सहावी.

ही पट्टी शोधायला फार कष्ट पडत नाहीत:

```
sorghum growth stages "boot" "half bloom" days
```

दोन संज्ञा एकत्र अवतरणात घातल्यामुळे जोडे आणि संगणक आपोआप गळून जातात. शोधातली ही पहिली युक्ती. एकटा शब्द कधीच शोधू नका, त्याचा शेजारी बरोबर घ्या.

वाचून झालं की व्याख्या आपल्या शब्दांत मराठीत लिहून काढा. मी लिहिली ती अशी: कणीस पूर्ण तयार झालेलं आहे, पण अजून बाहेर पडलेलं नाही. शेवटच्या पानाच्या पर्णकोषात, म्हणजे पानाच्या खोडाला वेढणाऱ्या भागात, ते गुंडाळलेलं आहे आणि त्यामुळे तो कोष फुगलेला दिसतो. इथे ‘कळ्या येण्याच्या आसपास’ असलं काहीतरी लिहू नका. व्याख्या अशी हवी की ती वाचून माणूस शेतात जाऊन ज्वारीच्या ताटाकडे बोट दाखवू शकेल. तसं दाखवता येत नसेल तर तुम्हाला अजून संज्ञा कळलेली नाही, आणि पुढच्या पायऱ्या वाया जातील.

उमेदवार शब्द गोळा करणं

आता मराठी शब्दांकडे या, पण निवडायला नको, नुसते मांडायला. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, त्यांत कृषिशास्त्राचाही आहे, आणि ते शासनाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. हिंदीतून अंदाज बांधता येतो. मराठी लेखक इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहितात का, तेही पाहायचं. आणि ज्या शेतकऱ्यांसाठी लिहायचं ते बोलताना काय म्हणतात, ते आठवून पाहायचं.

माझ्या कागदावर तीन उमेदवार उभे राहिले: बूट अवस्था, गर्भावस्था आणि पोटरी.

परिभाषा कोशाबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. तो मोलाचा आहे, शासकीय कामात त्यातला शब्द वापरणं बहुधा अपेक्षितच असतं. पण त्यात इंग्रजी शब्द आणि समोर मराठी पर्याय एवढंच असतं. व्याख्या नसते, पीक नसतं, वाक्य नसतं. एका इंग्रजी शब्दासमोर तीन पर्याय असले तर त्यातला तुमचा कोणता हे कोश सांगू शकत नाही. म्हणून त्यातला शब्दही उमेदवार म्हणूनच लिहून घ्या आणि बाकीच्यांसारखाच तपासा.

हिंदीचं उलट आहे. हिंदीतला शब्द मराठीत दिसतो तेव्हा तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे खात्री नव्हे. लिपी एकच आणि दोन्हीकडे संस्कृत शब्द भरपूर, त्यामुळे अर्थ सरकलेला असला तरी डोळ्याला खटकत नाही.

मराठीचा एकभाषी कोश

मराठीत या कामाला सगळ्यात मोठा आधार दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा. 1932 पासून त्याचे खंड निघाले आणि शेती, बलुतेदारी, स्वयंपाक यांतले बोलीतले शब्द त्यात मोठ्या प्रमाणावर आहेत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात तो आंतरजालावर शोधता येतो. तिथेच मोल्सवर्थचाही कोश आहे, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचा. मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी आहे, एकभाषी नाही, पण शेतीच्या जुन्या शब्दांसाठी मी तो कायम शेजारी ठेवते.

शोधताना एक अडचण हमखास येते. हे कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत, म्हणजे त्यात क्रियापदं ‘करणें’, ‘पडणें’ अशी अनुस्वार देऊन लिहिलेली आहेत. आजच्या लेखनाप्रमाणे टंकलं तर कोरं पान येतं आणि माणसाला वाटतं की शब्दच नाही. तेव्हा शब्दाचा फक्त सुरुवातीचा भाग टंकून पाहा, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा, आणि मूळ शब्द सापडला की त्याच्या वर-खाली असलेल्या नोंदीही वाचा. नामाच्या शेजारीच पुष्कळदा त्याच कुळातलं क्रियापद असतं.

‘पोटरी’ पाहिलं तर पहिला अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत असलेला, पायाची पोटरी. त्याच शब्दाचा शेतीतला अर्थ म्हणजे आवरणातून अजून बाहेर न पडलेलं कणीस. हे दोन अर्थ शेजारी वाचले की डोळ्यापुढे चित्र उभं राहतं: ताटाचा वरचा भाग मधेच फुगलेला, पायाच्या पोटरीसारखा. आपण कागदावर लिहिलेल्या व्याख्येतला फुगलेला कोष तो हाच.

‘गर्भावस्था’ हा शब्द पाहिला तर गरोदरपणापलीकडे कोश फारसं काही सांगत नाही. पिकाच्या बाबतीत तो नेमका कधीचा काळ, हे कळत नाही. इथे कोशाची मर्यादा लक्षात घ्या. शब्दाला असा अर्थ आहे, एवढी ग्वाही कोश देतो. तो अर्थ आज चालतो का, कोणत्या पिकाला चालतो, पेरणीनंतर कितव्या दिवशी चालतो, हे कोशाला विचारून उपयोग नाही. पोटरीचं पारडं जड झालं, पण निकाल अजून लागला नव्हता.

समांतर मजकूर: आकडे धरून चालायचं

समांतर मजकूर म्हटलं की नवख्यांना वाटतं एकाच मजकुराची दोन भाषांतली रूपं हवीत. तशी असली तर उत्तमच, आणि शेतीत ती असतातही: भारतीय हवामान विभागाच्या योजनेतून जिल्ह्यांसाठी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत निघतात. एकाच जिल्ह्याची, एकाच तारखेची इंग्रजी आणि मराठी पत्रिका शेजारी उघडा आणि ज्वारीच्या ओळी समोरासमोर वाचा. पण हे काम वेळेशी झटापट करत केलेलं असतं, मराठी कधी कधी इंग्रजीला बांधून चालते. म्हणून त्यातून आलेल्या शब्दाला मी अर्धा पुरावा मानते.

त्याहून बळकट पुरावा म्हणजे मूळ मराठीतच लिहिलेला, त्याच विषयावरचा मजकूर. राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांचं शेतकऱ्यांसाठीचं लेखन, राहुरीच्या विद्यापीठाची दरवर्षी निघणारी ‘कृषिदर्शनी’, हा तो मजकूर. तो कोणत्याही इंग्रजी पानाचं भाषांतर नाही, मग दोन्ही जुळवायचे कशावरून? आकड्यांवरून. शब्द भाषेगणिक बदलतात, पण दिवस, किलो, सेंटिमीटर आणि क्रम बदलत नाहीत.

रब्बी ज्वारीच्या पाण्याबद्दल मराठी लेखांत एक वेळापत्रक पुन्हा पुन्हा भेटतं. पहिलं पाणी पीक गर्भावस्थेत असताना, पेरणीनंतर 28 ते 30 दिवसांनी. दुसरं पोटरीत असताना, 50 ते 55 दिवसांनी. तिसरं फुलोऱ्यात असताना, 70 ते 75 दिवसांनी. चौथं दाणे भरताना, 90 ते 95 दिवसांनी.

आता हे ज्वारीच्या इंग्रजी पट्टीशेजारी ठेवा. तिकडे बूट पन्नासाव्या दिवसाच्या आसपास, इकडे पोटरी 50 ते 55. तिकडे तिसाव्या दिवशी कोंबात कणसाची जडणघडण सुरू होते, इकडे 28 ते 30 दिवसांवर गर्भावस्था. बाईंनी समासात लिहिलेले दोन आकडे हे होते. गर्भावस्था हा शब्द ज्वारीच्या लेखनात आहे, नीट रुळलेला आहे, फक्त तो दुसऱ्या अवस्थेचा आहे. शोधात शब्द सापडला म्हणून मी तो बरोबर धरला होता. तो कितव्या दिवसासमोर लिहिलाय, हे पाहिलं नव्हतं.

एक खोच इथे आहे. फुलोरा पाहा: इंग्रजी पट्टीत साठ दिवस आणि मराठी वेळापत्रकात सत्तर-पंचाहत्तर. मग पोटरीचे पन्नास जुळले हा योगायोग तर नाही? दिवस कुठून मोजलेत ते आधी बघायचं. पट्टीतले दिवस उगवणीपासूनचे आहेत, वेळापत्रकातले पेरणीपासूनचे. शिवाय वाण वेगळा, हंगाम वेगळा. रब्बीची ज्वारी थंडीत वाढते, तिच्या अवस्था लांबतात. त्यामुळे नुसत्या एका आकड्यावर विसंबायचं नाही, क्रमही जुळला पाहिजे. दोन्हीकडे क्रम असा आहे: आत कणसाची जडणघडण, मग फुगलेला कोष, मग फुलोरा, मग दाणा. या क्रमात ‘बूट’ची जागा पोटरीच्या जागेवर बसते आणि गर्भावस्थेच्या जागेवर बसत नाही. आकडा पाच-दहा दिवस इकडेतिकडे झाला तर चालेल. क्रम मोडला तर मात्र तो शब्द सोडून द्या.

ही जुळणी ज्वारीपुरती आहे, हेही विसरू नका. उद्या भाताची पुस्तिका आली तर पुन्हा पहिल्यापासून बसायचं. एकाच शब्दाला दुसऱ्या पिकात दुसरा काळ चिकटलेला असू शकतो.

शोध घेताना

मराठीत शोधणं इंग्रजीपेक्षा अवघड आहे, कारण आपला शब्द वाक्यात कधीच कोशातल्या रूपात बसत नाही. ‘पोटरी अवस्था’ असं अवतरणात शोधलंत तर पाठ्यपुस्तकी वाक्यं मिळतील. लोक प्रत्यक्षात लिहितात ‘पोटरीत असताना’, ‘पोटरीच्या वेळी’, ‘पोटरी अवस्थेत’. प्रत्येक रूप वेगळं शोधा:

```
"पोटरीत असताना" ज्वारी
"पोटरी अवस्थेत" ज्वारी पाणी
"पोटरीत" ज्वारी दिवस site:ac.in
"गर्भावस्थेत" ज्वारी दिवस पेरणी
```

चौथी ओळ मुद्दाम दिली आहे. ज्या शब्दाला नाकारायचं आहे, त्यालाही तितक्याच प्रामाणिकपणे शोधा. पोटरीचेच पुरावे शोधत बसलात तर ते मिळणारच. गर्भावस्था 50 दिवसांसमोर लिहिलेली कुठे सापडते का, हे बघितल्याशिवाय निकाल देता येत नाही.

नुसतं ‘पोटरी’ शोधलं तर पायांचे व्यायाम आणि गोळे येण्यावरचे उपाय यांचा पूर येतो. अशा वेळी नको असलेले शब्द वजा चिन्ह लावून काढता येतात, पण त्यापेक्षा पिकाचं नाव जोडणं सोपं. हिंदी पानं गाळायलाही एक साधा उपाय आहे: शोधात ‘असताना’, ‘आणि’ असा एखादा निखळ मराठी शब्द घाला. हिंदी लेखक ‘असताना’ लिहीत नाही.

‘पोटऱ्या’सारख्या शब्दात आणखी एक छुपी गोम आहे. यातला अर्धा र दोन प्रकारांनी टंकला जातो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटू शकतात. ज्या शब्दात ऱ्य किंवा ऱ्ह आहे तो दोन्ही प्रकारे शोधा. नाहीतर त्या शब्दाचं दुसरं रूप वापरून शोधा. मी सहसा दुसरंच करते.

आणि काहीच मिळालं नाही तर? बरंच जुनं कृषी साहित्य युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेलं आहे किंवा नुसतं स्कॅन केलेलं. पडद्यावर ते मराठी दिसतं, शोधयंत्राला मात्र ते निरर्थक अक्षरं किंवा चित्र वाटतं. अशा वेळी विषयाने शोधा, ‘रब्बी ज्वारी लागवड’ असं, पीडीएफ उतरवून घ्या आणि पाण्याचं प्रकरण डोळ्यांनी वाचा. त्याला वेळ लागतो, पण माझ्या कितीतरी संज्ञांचा निकाल असाच लागला आहे.

निकालांचा आकडा पाहून मत बनवू नका. शेतीचा मजकूर एकमेकांकडून उतरवून घेतलेला असतो. मघाचं चार पाण्यांचं वेळापत्रक शब्दाशब्दाने तेच असलेली दहा पानं सापडली, तर तो दहा जणांचा पुरावा नाही, एकाचाच आहे. कसं ओळखायचं? वाक्यरचना, आकड्यांचा क्रम आणि विशेषतः टंकनातली चूक तीच असेल तर पान उतरवलेलं आहे. मला निदान तीन स्वतंत्र आधार लागतात, आणि त्यातला एक वेगळ्या जातीचा हवा: दोन छापील असतील तर तिसरा बोलण्यातला, किंवा चित्रातला.

चित्र इथे फार कामाला येतं. ‘sorghum boot stage’ लिहून छायाचित्रं पाहा. फुगलेला कोष, टोकाला बाहेर डोकावणारं काही नाही. मग मराठी लेखातलं, ज्याच्याखाली पोटरी लिहिलंय असं छायाचित्र मिळतं का पाहा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

माणसाला विचारणं

शेवटची खात्री ज्याचं हे रोजचं काम आहे त्याच्याकडून करायची. पण विचारण्याची रीत आहे. “बूट स्टेजला पोटरी म्हणतात ना?” असं विचारलंत तर समोरचा भिडेखातर हो म्हणेल आणि तुम्हाला काहीच कळलेलं नसेल. आपला शब्द त्याच्या तोंडात घालायचा नाही. मंगळवेढ्याकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी करणाऱ्या एका काकांना मी फोनवर विचारलं:

“काका, कणीस अजून बाहेर पडलेलं नाही, पण वरचं पान फुगलंय, आत कणीस आहे हे हाताला लागतं. अशा ज्वारीला तुमच्याकडं काय म्हणतात?”

“पोटऱ्यात आलीया म्हणायचं की.”

“आणि गर्भात आली असं कधी म्हणता?”

“ते लई आधी. तवा वरनं काय दिसत न्हाई. ताट चिरून बघितलं तर कळतंय.”

दुसऱ्या उत्तराची मला अपेक्षा नव्हती. वरून काही दिसत नाही, चिरल्यावर कळतं. इंग्रजी पट्टीतल्या तिसऱ्या अवस्थेचं वर्णन नेमकं हेच आहे. म्हणजे एका फोनमध्ये पोटरी पक्की झाली आणि गर्भावस्थेलाही तिची खरी जागा मिळाली. पुस्तिकेत पुढे ती तिसरी अवस्थाही होतीच, तिथे मी हा शब्द वापरला.

फोन करण्याजोगं कोणी नसेल तर कृषी खात्याचे तालुक्यातले कर्मचारी किंवा कृषी विज्ञान केंद्रातले विषयतज्ज्ञ आहेत. त्यांनाही प्रश्न वर्णनानेच विचारा. ते शिकलेले असतात, तुमचा इंग्रजी शब्द ऐकून इंग्रजीतच उत्तर देतील.

लिहायचं कसं, आणि काय नोंदवून ठेवायचं

शब्द पक्का झाला तरी तो वाक्यात कसा बसतो हे वेगळं पाहावं लागतं. ‘पोटरी अवस्थेदरम्यान सिंचन करावे’ यातला शब्द बरोबर आहे, पण असं कोणी म्हणत नाही. समांतर मजकुरातून शब्दाबरोबर त्याची सोबतही उचला: पीक ‘पोटरीत असताना’ पाणी ‘द्यावे’. पाण्याला पहिलं, दुसरं असं मोजतात, पाण्याची ‘पाळी’ म्हणतात. पुस्तिकेत पहिल्यांदा शब्द आला तिथे मी असं लिहिलं: ‘पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस तयार होऊन पानाच्या कोषातच असताना, एक पाणी द्यावे.’ नंतर सगळीकडे नुसतं ‘पोटरीत असताना’. शहरात वाढलेल्या वाचकाला अर्थ कळतो आणि शेतकऱ्याला ती ओळ जड होत नाही.

शब्द पक्का झालाच नाही तर काय? आधार एकच मिळाला, किंवा आधार एकमेकांशी भांडत असले, तर संज्ञा वापरूच नका. कागदावर लिहिलेली व्याख्याच वाक्यात घाला. ‘कणीस पानाच्या कोषात असताना पाणी द्यावे’ ही ओळ संज्ञेशिवायही पूर्ण आणि अचूक आहे. स्वतः शब्द घडवायचा मोह अशा वेळी होतो. पण वाचणाऱ्याने तो शब्द ऐकलेला नसतो आणि त्याला विचारायला तुम्ही बांधावर हजर नसता.

काम देणाऱ्याला मी संज्ञांची एक छोटी यादी जोडून देते. या शब्दाची माझी नोंद अशी आहे: मूळ संज्ञा, मूळ वाक्य, माझ्या शब्दांतली व्याख्या, निवडलेला शब्द ‘पोटरी’, लागू पीक रब्बी ज्वारी, आधार कोणते. त्याखाली नाकारलेले शब्दही कारणासकट: ‘गर्भावस्था: ज्वारीत 28 ते 30 दिवसांची अवस्था, वेगळी. बूट अवस्था: शेतकऱ्यांच्या बोलण्यात नाही, जोड्याचा अर्थ आड येतो.’ नाकारलेल्यांची ओळ लिहायचा कंटाळा येतो, पण सहा महिन्यांनी दुसरा कोणी संपादक ‘इथे गर्भावस्था का नाही?’ असं विचारतो, तेव्हा पुन्हा पाऊण तास बसावं लागत नाही. पिकाचं नाव तर नोंदीत हवंच. माझ्या यादीत ‘बूट स्टेज’च्या आता तीन ओळी आहेत, ज्वारीची, बाजरीची आणि भाताची. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या आधारांवर तपासलेल्या आहेत.